चार नोझल, एक सबग्रुप आणि फसवा सीपीके

प्रश्न: सॉस भरण्याच्या चार नोझलच्या पिस्टन फिलरवर मी पेपर लिहितो आहे. बरणीवर ५०० ग्रॅम छापलेले आहे, कारखान्याची अंतर्गत मर्यादा ४९८ ते ५१४ ग्रॅम. दर अर्ध्या तासाला प्रत्येक नोझलची एक अशा चार बरण्या घेतल्या, असे २४ सबग्रुप झाले. सरासरी ५०५.५, रेंजची सरासरी ९ ग्रॅम. एक्स-बार आणि आर दोन्ही चार्टवर एकही बिंदू मर्यादेबाहेर नाही, पण प्रक्रिया मर्यादेत किती ऐसपैस बसते ते सांगणारा सीपीके ०.५७ येतो. म्हणून निष्कर्ष लिहिला की प्रक्रिया नियंत्रणात आहे पण सक्षम नाही, मशीन बदलावे. गाईडना मान्य आहे. पाठवण्याआधी कुणी अनुभवी माणसाने नजर टाकावी असे वाटते. चार्ट आणि आकडे सोबत जोडले आहेत.

उत्तर:

पेपर अजून पाठवू नका. आकडेमोड बरोबर आहे, ती मी पुन्हा करून पाहिली. पण निष्कर्षाचे दोन्ही भाग चुकले आहेत. प्रक्रिया नियंत्रणात नाही, आणि मशीन बदलण्याइतके वाईटही नाही. गोची सबग्रुप कसा केला त्यात आहे. अन्नप्रक्रियेवरच्या पेपरांमध्ये ही चूक मला इतक्या वेळा दिसते की हल्ली मी आधी निष्कर्ष न वाचता नमुना कसा घेतला तो परिच्छेद शोधतो.

तुमचा एक्स-बार चार्ट हातभर लांब धरून बघा. चार्टच्या नियंत्रण मर्यादा आहेत ४९८.९ आणि ५१२.१. म्हणजे मधल्या रेषेच्या वर-खाली साडेसहा ग्रॅमची मोकळीक. आणि बिंदू कुठे आहेत? वीस बिंदू ५०६ च्या आसपास, ग्रॅमभर इकडे-तिकडे. उरलेले चार ५०३ जवळ. इतक्या रुंद रस्त्यावर सगळी वर्दळ मधल्या पट्ट्यावरून चाललेली. नवख्या माणसाला हा चार्ट फार छान वाटतो. मला तो पाहून शंका येते, कारण मर्यादा तीन सिग्मावर, म्हणजे तीन प्रमाण विचलनांवर, काढलेल्या असतील तर बिंदूंनी त्या जागेत नीट पसरायला हवे. साधारण तीनातला एक बिंदू एक सिग्माच्या पट्ट्याबाहेर पडायला हवा. तुमच्या चार्टवर एक सिग्मा म्हणजे सुमारे २.२ ग्रॅम. वीस बिंदू त्याच्या अर्ध्यातच जवळजवळ मावतात. बिंदू मधल्या रेषेला असे चिकटून बसले की बहुतेक वेळा प्रक्रिया शांत नसते, मर्यादाच फुगलेल्या असतात.

त्या कशाने फुगल्या, ते एका सबग्रुपवर पाहू. तुमच्या तक्त्यातला तिसरा सबग्रुप घ्या: ५०२.४, ५०४.३, ५०६.८, ५१०.९. सरासरी ५०६.१, रेंज ८.५. आता सहावा: ४९८.६, ५०३.१, ५०२.२, ५०८.१. सरासरी ५०३, रेंज ९.५. कोणताही सबग्रुप काढा, सर्वांत हलकी बरणी पहिल्या नोझलची आणि सर्वांत जड चौथ्याची. तुम्ही नोझलच्या क्रमानेच आकडे लिहिलेत हे फार बरे केले, नाहीतर पुढचे काहीच करता आले नसते. प्रत्येक स्तंभाची सरासरी काढली तर ५०१.५, ५०४.५, ५०५.५ आणि ५१०.५ येते. पहिल्या आणि चौथ्या नोझलमध्ये नऊ ग्रॅमचे अंतर, आणि तुमची सरासरी रेंजही नऊ ग्रॅम. हा योगायोग नाही. तुम्ही दर अर्ध्या तासाला चौथ्या नोझलमधून पहिले नोझल वजा करत होता आणि त्याला रेंज म्हणत होता.

शूहार्टने १९२४ मध्ये बेल कंपनीच्या कारखान्यांसाठी हा चार्ट मांडला तेव्हा त्यामागे एक साधा विचार होता. सबग्रुपच्या आत फक्त नेहमीची, टाळता न येणारी चलबिचल असावी. जो फरक तुम्हाला पकडायचा आहे तो दोन सबग्रुपच्या मध्ये पडावा. मग आतल्या चलबिचलीवरून मर्यादा काढायच्या आणि मधला फरक त्यांच्याशी ताडून बघायचा. तुमच्या सबग्रुपमध्ये उलटे झाले. नोझलमधला कायमचा फरक, जो खरे तर दोष आहे, तो आत जाऊन बसला आणि तोच मर्यादांचे माप झाला. चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखे. आता चार्ट त्याला कधीच पकडणार नाही, उलट त्याच्या आडोशाला दुसरे चोरही लपतील. ते लपलेलेच आहेत, त्याकडे येतोच.

तुम्ही विचाराल की सॉफ्टवेअरने का सांगितले नाही. नेल्सनने १९८४ मध्ये जे आठ नियम दिले, त्यात याच प्रकारासाठी एक नियम आहे: सलग पंधरा बिंदू मधल्या रेषेपासून एक सिग्माच्या आत आले तर धोक्याची खूण समजा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो, पण सुरू असेलच असे नाही. तुमच्या बाबतीत तो सुरू असता तरी गप्प बसला असता. एक सिग्माच्या पट्ट्याची खालची कड ५०३.३ आहे आणि तुमचा दर सहावा बिंदू ५०३ च्या आसपास जाऊन ती कड जेमतेम ओलांडतो, म्हणून सलग पंधराची मोजणी दर वेळी तुटते. नियम हवेतच, पण चार्टकडे डोळ्याने बघण्याला ते पर्याय नाहीत.

आणखी एक खूण तुमच्याच परिशिष्टात आहे आणि ती मला सर्वांत बोलकी वाटली. सॉफ्टवेअरने सीपीके ०.५७ आणि पीपीके ०.७० असे दोन्ही छापले आहेत. तुम्ही पहिला मजकुरात घेतला आणि दुसरा तसाच सोडून दिला. दोन्हीचे सूत्र एकच, फरक फक्त सिग्मा कुठून आणला याचा:

```
Cpk: sigma = Rbar/d2 = 9/2.059 = 4.37
     (505.5 - 498)/(3 x 4.37) = 0.57

Ppk: sigma = 96 values, overall SD = 3.59
     (505.5 - 498)/(3 x 3.59) = 0.70
```

सीपीकेमधला सिग्मा थोड्या वेळातला, सबग्रुपच्या आतला. पीपीकेमधला सिग्मा दिवसभराचा, सगळे धरून. दिवसभराच्या फरकात थोड्या वेळातला फरक आलाच. त्यामुळे तो साधारणपणे मोठाच असतो, फार तर बरोबरीचा, आणि पीपीके सीपीकेहून कमी किंवा तेवढाच येतो. नमुन्याच्या योगायोगाने दुसऱ्या दशांशात उलट झाले तर समजू शकतो. पण इथे आतला सिग्मा ४.३७ आणि एकूण ३.५९. भाग एकूणापेक्षा मोठा. असे दिसले की सबग्रुपच्या आत काहीतरी पद्धतशीर मिसळले आहे असे समजून चालायचे. ```d2``` हा आकडा एकाच घरातून आलेल्या चार मापांसाठी काढलेला आहे. चार वेगवेगळ्या घरांतून ठरवून एकेक माप उचलले तर त्याने भागून मिळणाऱ्या आकड्याला सिग्मा म्हणता येत नाही. कोणाचा पेपर तपासायचा असेल तर सीपीके आणि पीपीके शेजारी ठेवून बघा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि त्यासाठी मूळ आकडेही लागत नाहीत.

आता तुमचा डेटा कसा वाचवायचा ते सांगतो. नव्याने नमुने घ्यायची गरज नाही, निदान पहिल्या टप्प्यावर तरी नाही.

मोह होईल की प्रत्येक नोझलचा वेगळा चार्ट काढावा, २४ वजनांचा, एकेक माप आणि सरकती रेंज घेऊन. तोही करा, पण त्यावर विसंबू नका. तुमच्या डेटात वजन दर सहाव्या वेळी खाली जाते आणि लगेच वर येते. या उड्या सरकत्या रेंजमध्ये दोनदा मोजल्या जातात, जाताना आणि येताना. तिसऱ्या नोझलसाठी मी काढून पाहिले. सरकत्या रेंजची सरासरी १.७ च्या आसपास येते, तिला २.६६ ने गुणले की मर्यादा साडेचार ग्रॅमवर जातात, आणि अडीच ग्रॅमची घसरण पुन्हा आतच राहते. पुन्हा तीच कथा, फक्त वेगळ्या दाराने आत आलेली.

यापेक्षा चांगला मार्ग असा. प्रत्येक वजनातून त्याच्या नोझलची सरासरी वजा करा. म्हणजे प्रत्येक आकडा आता ‘हे नोझल आपल्या नेहमीच्या वजनापेक्षा किती वर-खाली भरते आहे’ एवढेच सांगेल. तिसरा सबग्रुप होतो +०.९, -०.२, +१.३, +०.४. सरासरी +०.६, रेंज १.५. सहावा होतो -२.९, -१.४, -३.३, -२.४. सरासरी -२.५, रेंज १.९. सगळ्या २४ सबग्रुपची नवी सरासरी रेंज सुमारे २.०६ येते. पूर्वी नऊ होती. सरासरी रेंजवरून मर्यादा काढायचा गुणक ```A2``` चार मापांच्या सबग्रुपसाठी ०.७२९ आहे, म्हणून नव्या मर्यादा शून्याच्या वर-खाली १.५ ग्रॅम. या चार्टवर सहावा, बारावा, अठरावा आणि चोविसावा बिंदू -२.५ च्या आसपास, मर्यादेच्या सरळ बाहेर. उरलेले +०.५ भोवती. तुमचीच बारा तासांची मापे, तोच दिवस, आणि चार्ट आता ओरडून सांगतो की प्रक्रिया नियंत्रणात नाही.

या पद्धतीत एक गृहीतक आहे ते पेपरमध्ये लिहा. चारही नोझलची स्वतःची चलबिचल सारखी असली पाहिजे. एखादे नोझल इतरांपेक्षा दुप्पट थरथरत असेल तर त्याला वेगळे काढावे लागते. तुमचे स्तंभ बघता तशी स्थिती नाही, घसरणीचे चार बिंदू बाजूला ठेवले तर प्रत्येक स्तंभाचे प्रमाण विचलन एक ग्रॅमच्या आसपास आहे.

दर सहावा बिंदू म्हणजे दर तीन तासांनी. आता कागद बाजूला ठेवा आणि लाईनवर जाऊन ऑपरेटरला विचारा की दर तीन तासांनी काय होते. माझा अंदाज हॉपर भरण्याकडे जातो. घट्ट सॉस पिस्टन फिलरमध्ये स्वतःहून वाहत नाही. पिस्टन मागे जाताना तो खेचला जातो, आणि वरच्या मालाचा दाब त्याला मदत करतो. हॉपरमधली पातळी फार खाली गेली की सिलिंडर पुरता भरत नाही, कधी मालाबरोबर हवाही ओढली जाते, आणि चारही नोझलचे वजन एकदम उतरते. चारही एकदम उतरली हे महत्त्वाचे. एकच नोझल उतरले असते तर मी त्या नोझलच्या सीलकडे किंवा व्हॉल्व्हकडे पाहिले असते. माझा अंदाज चुकूही शकतो. बॅच बदलताना सॉसचे तापमान किंवा घट्टपणा बदलत असेल, तरीही चारही नोझल एकत्र हलतील. म्हणून हॉपरची पातळी आणि मालाचे तापमान या दोन नोंदी त्याच वेळेच्या शेजारी लिहून दोन दिवस बघा, उत्तर मिळेल. कारण सापडेपर्यंत ते चार बिंदू डेटातून काढून टाकू नका. ‘बाहेरचे बिंदू वगळून नियंत्रण मर्यादा पुन्हा काढल्या’ हे वाक्य पेपरांत सर्रास असते आणि पुढे कारणाचा मागमूस नसतो. कारण सापडले, दुरुस्त झाले आणि पुन्हा येणार नाही याची खात्री झाली तरच बिंदू वगळायचा. नाहीतर आपण फक्त चित्र पुसलेले असते.

आता मशीन बदलण्याकडे येऊ. सुरुवातीच्या वर्षांत मीही अगदी असाच अहवाल लिहिला होता. सीपीके ०.६ च्या घरात, खाली माझी ठसठशीत सही, आणि शेरा ‘मशीनची क्षमता नाही’. नव्या मशीनची कोटेशन्सही मागवून झाली. मग एका जुन्या फिटरने माझा तक्ता मागून घेतला, स्तंभांवरून बोट फिरवले आणि विचारले, “साहेब, हे एक नोझल दर वेळी जास्त भरतंय, ते तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” त्याने स्ट्रोकचा नट फिरवायला वीस मिनिटेही घेतली नाहीत. तेव्हापासून मी कोणत्याही फिलरचा सीपीके नोझलनिहाय सरासरी बघितल्याशिवाय वाचत नाही.

तुमच्या मशीनचेही तेच दिसते. एका नोझलची चलबिचल फक्त एक ग्रॅम आहे. तुमची मर्यादा सोळा ग्रॅम रुंद. सोळा भागिले सहा, म्हणजे नोझल जुळवली आणि घसरण थांबवली तर मशीनची मूळ क्षमता अडीचच्याही वर जाते. मशीन उत्तम आहे. ते चार वेगवेगळ्या लक्ष्यांवर लावलेले आहे, इतकेच. चौथ्या नोझलचा स्ट्रोक कमी करा. पहिल्याचा वाढवण्याआधी त्याचे सील आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघून घ्या, कारण गळतीमुळे कमी भरत असेल तर स्ट्रोक वाढवून दोष झाकला जाईल आणि महिन्याभरात पुन्हा वर येईल.

यातून कारखान्याला मिळणारा फायदा पेपरमध्ये जरूर मांडा, तो तुमच्या सध्याच्या निष्कर्षापेक्षा वाचनीय होईल. आज सरासरी ५०५.५ ठेवावी लागते, कारण पहिले नोझल हॉपर खाली गेल्यावर ४९९ वर येते. सगळी नोझल एकसारखी झाली, घसरण थांबली आणि एकूण सिग्मा १.१ वर आला असे धरा. मग सरासरी ५०२.५ वर आणली तरी ४९८ च्या मर्यादेला पीपीके १.३६ राहतो. बरणीमागे तीन ग्रॅम, म्हणजे एक लाख बरण्यांमागे ३०० किलो सॉस. पण हे क्रमाने करायचे: आधी नोझल, मग हॉपर, मग आठवडाभराचा चार्ट, आणि शेवटी लक्ष्य. उलट्या क्रमाने करणाऱ्यांच्या हलक्या बरण्या बाजारात जातात.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ४९८ ते ५१४ ही तुमच्या कारखान्याची मर्यादा आहे, कायद्याची नव्हे. बंद पॅकच्या वजनाबद्दल ओआयएमएल या वजन-मापांच्या कायद्याशी संबंधित आंतरराष्ट्रीय संघटनेची आर ८७ ही शिफारस आहे. तिच्यात ५०० ग्रॅमच्या पॅकला १५ ग्रॅमपर्यंतची तूट सहन केली जाते, पण लॉटची सरासरी छापील वजनापेक्षा कमी पडता कामा नये. म्हणजे सरासरीची अट वेगळी आणि एकेका पॅकची वेगळी. सीपीके यातली फक्त दुसरी बाजू बघतो. ज्या देशासाठी लिहाल तिथला नियम बघून मर्यादा कुठून आली ते एका वाक्यात सांगा, कारण मर्यादा बदलली की सीपीके बदलतो आणि वाचकाला ती कोणी ठरवली हे कळायला हवे.

तुमच्या गाईडना पटवण्यासाठी त्यांच्यापुढे तीन आकडे ठेवा. तुमच्या पद्धतीने सीपीके ०.५७. सगळी ९६ वजने एकत्र धरून पीपीके ०.७०. आणि समजा तुम्ही दर वेळी फक्त तिसऱ्या नोझलच्या सलग चार बरण्या घेतल्या असत्या, तर आतला सिग्मा १.० येऊन सीपीके २.५ निघाला असता. मशीन तेच, दिवस तोच, मर्यादा त्याच. पहिला आकडा वाचून कोणी मशीन भंगारात काढेल आणि तिसरा वाचून कोणी लाईनला शाबासकी देईल. प्रत्यक्षात ग्राहकाच्या हाती जे जाते त्याच्या सर्वांत जवळचा मधला आकडा आहे, आणि तोही प्रक्रिया स्थिर नसल्यामुळे उद्यासाठी काही सांगत नाही. तो फक्त त्या बारा तासांचे वर्णन आहे. तिसऱ्या प्रकारचे पेपरही भरपूर आहेत बरं का. सलग पाच पॅक उचलायचे, दोनच्या वरचा सीपीके छापायचा, आणि बाकीच्या नोझलबद्दल अवाक्षर नाही. रिव्ह्यूअरही तो आकडा बघून खूश होतात.

पेपरच्या पद्धतीच्या भागात त्यामुळे एवढे स्पष्ट लिहा: सबग्रुपमध्ये कोणत्या बरण्या होत्या, कोणत्या नोझलच्या, किती वेळाने, आणि सिग्मा कोणत्या सूत्राने काढला. सीपीकेला एकटा छापू नका, त्याच्यासोबत विश्वासमर्यादा द्या. लहान नमुन्यावर हा आकडा किती डळमळीत असतो याची बऱ्याच जणांना कल्पना नसते. सूत्र अंदाजे आहे, पण पुरेसे आहे:

```
Cpk +/- 1.96 * sqrt( 1/(9n) + Cpk^2/(2n) )
```

तीस मापांवरून १.३३ आला असेल तर खरा आकडा ०.९७ ते १.६९ यांमध्ये कुठेही असू शकतो. ‘सीपीके १.३३ आला म्हणून सक्षम’ असे म्हणणारा आणि ‘जेमतेम एक आहे’ असे म्हणणारा, दोघेही तीस मापांवर बरोबर ठरू शकतात. शंभर मापांवरही वर-खाली ०.२ ची अनिश्चितता राहतेच. दुरुस्तीनंतर सुधारणा दाखवणार असाल तर दोन्ही वेळच्या पट्ट्या एकमेकांवर येत नाहीत ना ते बघा. तुमच्या बाबतीत येणार नाहीत, फरक मोठा आहे.

शेवटी वजनकाट्याची एक गोष्ट, जी तुमच्या मजकुरात कुठेच सापडली नाही. निव्वळ वजन कसे काढले? रिकाम्या बरण्या आधी क्रमांक घालून एकेक तोलल्या, की भरलेल्या बरणीतून रिकाम्या बरणीचे सरासरी वजन वजा केले? काचेच्या बरण्यांच्या वजनात दोन-तीन ग्रॅमचा फरक सहज असतो. सरासरी वजा केली असेल तर बरणीचा हा फरक सॉसच्या नावावर जमा होतो आणि मशीन विनाकारण बदनाम होते. तुमच्या नोझलची चलबिचल एक ग्रॅमवर आली आहे, त्यावरून तुम्ही एकेक बरणी तोलली असावी असे वाटते, किंवा बरण्या फार एकसारख्या असाव्यात. जे केले असेल ते लिहा. सरासरी वजा केली असेल तर तीसेक रिकाम्या बरण्या तोलून त्यांचे प्रमाण विचलन तरी द्या, मग वाचक स्वतः वर्ग वजा करून खरा आकडा काढू शकेल. काट्याची लघुत्तम वाचनक्षमता ०.१ ग्रॅम आहे हे तुमच्या आकड्यांवरून दिसते, ती ठीक आहे. एक ग्रॅमच्या काट्यावर हे काम झाले नसते, कारण नवी सरासरी रेंजच दोन ग्रॅमची आहे आणि आर चार्टवर तीन-चारच पायऱ्या उरल्या असत्या.

पुढच्या वेळी नमुने घेताना दर अर्ध्या तासाला एकाच नोझलच्या सलग चार बरण्या घ्या आणि नोझल आळीपाळीने बदला, किंवा मनुष्यबळ असेल तर चारही नोझलच्या प्रत्येकी दोन घ्या. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण त्यात नोझलच्या आतली चलबिचल, नोझलमधला फरक आणि वेळेनुसार होणारी घसरण तिन्ही वेगळ्या काढता येतात. ऑपरेटर मात्र आठ बरण्यांना कुरकुर करेल. त्याला हॉपर आणि नोझलची गोष्ट आधी सांगून ठेवा. आणि दर तीन तासांनी काय होते हे त्याला विचारायला जाल तेव्हा चार्ट सोबत न्या.